तीन मार्कांचा जामीन अर्ज

एलएलबीला ड्राफ्टिंगचा एक पेपर असतो. बार कौन्सिलच्या आखणीप्रमाणे त्यात दावे-अर्जांचे पंधरा मसुदे आणि दस्तऐवजांचे पंधरा मसुदे वहीत उतरवायचे असतात. प्रत्येकाला तीन मार्क, आणि उरलेले दहा तोंडी परीक्षेला. जामीन अर्ज पंधरांपैकी एक, म्हणजे त्याचेही तीनच मार्क. मुलं तो गाईडमधून उतरवतात आणि मोकळी होतात. मी तालुका कोर्टात वकिली करतो आणि आठवड्यातून दोन दिवस हा पेपर शिकवतो, त्यामुळे एकच अर्ज साठ वह्यांत साठ वेळा वाचण्याचं भाग्य दरवर्षी लाभतं. म्हणून यंदा गाईड बंद करायला लावलं, फळ्यावर एक हकीकत लिहिली आणि म्हटलं, याचा अर्ज करा.

हकीकत काल्पनिक, पण कोर्टाच्या व्हरांड्यात रोज भेटणारी. अबक, वय २३, मूळचा बीड जिल्ह्यातला. चार वर्षांपासून आमच्यासारख्याच एका तालुक्याच्या गावी चहाच्या हॉटेलात कामाला आहे. महिना नऊ हजार मिळतात, भाड्याच्या एका खोलीत आईसोबत राहतो. रविवारच्या आठवडी बाजारात कुणाच्या तरी शर्टाच्या खिशातून मोबाईल गेला. फिर्याद अज्ञात चोराविरुद्ध नोंदली गेली आणि मोबाईलची किंमत लिहिली नऊ हजार. मंगळवारी पोलिसांनी संशयावरून अबकला उचललं, बुधवारी कोर्टात उभं केलं. एक दिवस पोलीस कोठडी मिळाली आणि त्यात त्याच्या खोलीतून पंचनामा करून मोबाईल जप्त झाल्याचं कागदावर आलं. गुरुवारी न्यायालयीन कोठडी, आमच्या भाषेत ‘एमसीआर’. याआधी त्याच्यावर एकही गुन्हा नाही.

गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) खाली, साध्या चोरीचा. पहिल्या वेळी जास्तीत जास्त तीन वर्षं कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. शिक्षेच्या हिशेबाने किरकोळ, तरीही अजामीनपात्र. इथे सामान्य माणूस हमखास फसतो. ‘अजामीनपात्र’ म्हटलं की त्याला वाटतं, आता जामीन नाहीच. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क असतो, ठाण्यातूनही सुटता येतं. अजामीनपात्र गुन्ह्यात तो कोर्टाच्या विवेकावर असतो आणि त्यासाठी अर्ज करावा लागतो, फरक एवढाच. हा अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यापुढे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८० खाली करायचा. जुन्या संहितेत हेच कलम ४३७ होतं. नवे कायदे १ जुलै २०२४ पासून लागू झाले, तरी साठपैकी एकवीस वह्यांत ४३७ च होतं. गाईड जुनं, दुसरं काय.

आता वहीतल्या अर्जांकडे येऊ. सगळ्यांचा मथळा बरोबर होता:

‘मे. न्यायदंडाधिकारी, प्रथम वर्ग, यांचे न्यायालयात. फौजदारी किरकोळ अर्ज क्र. … अर्जदार/आरोपी: अबक, वय २३, धंदा मजुरी. विरुद्ध: महाराष्ट्र शासन, … पोलीस ठाणे मार्फत. गु.र.नं. …, कलम ३०३(२) भा.न्या.सं. जामिनावर मुक्त होणेसाठी अर्ज.’

त्यानंतर गडबड सुरू झाली. एका मुलीने फार कळवळून लिहिलं होतं, ‘अर्जदार अत्यंत गरीब असून आईच्या औषधासाठी नाइलाजास्तव त्याचे हातून सदरचे कृत्य घडले आहे.’ वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं असं वाक्य. पण हा कबुलीजबाब झाला, तोही स्वतःच्या वकिलाच्या अक्षरात. जामीन अर्ज खटल्याच्या कागदांत राहतो. सरकारी वकील पुढे त्यावर बोट ठेवतील, तेव्हा ‘ते दयेपोटी लिहिलं होतं’ म्हणून भागणार नाही. दुसरं टोक एका मुलाचं. त्याने आरोपीला ‘समाजातील प्रतिष्ठित नागरिक’ करून टाकलं होतं आणि वर ‘राजकीय वैमनस्यातून खोट्या गुन्ह्यात गोवले’ असंही लिहिलं होतं. फिर्याद तर अज्ञात चोराविरुद्ध आहे. फिर्यादी अबकला ओळखतही नाही, मग वैमनस्य कुणाचं? कुठल्या तरी सरपंचाचा अर्ज त्याने चहावाल्या पोराच्या अंगावर चढवला होता. असे उसने अर्ज वर्गातच सापडतात असं नाही. एकदा खऱ्या कोर्टात एका दाढीवाल्या अर्जदाराच्या अर्जात ‘अर्जदार ही गृहिणी असून’ असं वाक्य मी ऐकलं आहे, आणि न्यायाधीशांनी चष्म्यावरून अर्जदाराकडे पाहिलेलंही.

मग गुन्ह्याबद्दल लिहायचं किती? थोडंच. जामिनाच्या वेळी कोर्ट खटला चालवत नाही, त्यामुळे पुराव्याची चिरफाड करण्यात अर्थ नसतो. आरोप नाकारायचा आणि पुढे जायचं. खरी अडचण जप्त मोबाईलची आहे. तो अबकच्या बाजूचाही मुद्दा आहे, कारण वस्तू मिळाली म्हणजे पोलिसांनी त्याच्याकडून काही हस्तगत करायचं उरलं नाही. पण ‘अर्जदाराकडून मोबाईल मिळालेला आहे’ असं लिहिलं की पुन्हा कबुलीच. वर्गात यावर अर्धा तास गेला. शेवटी एका मागच्या बाकावरच्या मुलाने वाक्य जुळवलं, ते मी फळ्यावर तसंच उतरवलं:

‘अर्जदारास आरोप मान्य नाही. पोलिसांच्या म्हणण्यानुसार सदर गुन्ह्यातील मुद्देमाल दि. … रोजी जप्त झाला आहे. सबब अर्जदारास कोठडीत ठेवून करावयाचा कोणताही तपास शिल्लक राहिलेला नाही.’

‘पोलिसांच्या म्हणण्यानुसार’ या दोन शब्दांनी जप्तीचा फायदा घेतला आणि जप्ती मान्यही केली नाही. ड्राफ्टिंग म्हणजे बरंचसं हेच काम असतं.

यानंतर वर्गातल्या एका हुशार मुलाने अशी गोष्ट काढली की मलाही बसून वाचावं लागलं. नव्या ३०३(२) ला एक परंतुक आहे. चोरीच्या मालाची किंमत पाच हजारांपेक्षा कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा कैदेची नाही, समाजसेवेची. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत अशा चोरीची वेगळी ओळ आहे: अदखलपात्र आणि जामीनपात्र. म्हणजे मोबाईल ४,९०० चा असेल तर एक कायदा आणि ५,१०० चा असेल तर दुसरा. आपल्या फिर्यादीत नऊ हजार लिहिलेत, पण ती खरेदीची किंमत आहे. मोबाईल दोन वर्षं वापरलेला, बाजारात तो चार हजारांनाही कुणी घेणार नाही. मग अबक मुळात जामीनपात्र गुन्ह्यात आहे, असं का म्हणू नये?

म्हणता येईल, पण बेताने. पहिली गोष्ट, किंमत किती हा पुराव्याचा प्रश्न आहे, आणि अर्जाच्या दिवशी कोर्टापुढे फिर्यादीतला आकडाच असतो. खरेदीची पावती जोडली असेल तर तारीख दाखवून घसारा सांगता येतो. दुसरी गोष्ट, ते परंतुक दोषी ठरल्यावरच्या शिक्षेचं आहे आणि माल ‘परत करण्यावर’ बेतलेलं आहे. आरोप नाकारणारा माणूस ‘मी परत करतो’ म्हणाला की मघाचाच सापळा. म्हणून हा मुद्दा अर्जाचा कणा करू नये, पर्यायी परिच्छेद म्हणून टाकावा: ‘वरील म्हणण्यास बाध न येता अर्जदाराचे असेही म्हणणे आहे की, फिर्यादीत नमूद किंमत ही खरेदीच्या वेळची असून…’ ‘वरील म्हणण्यास बाध न येता’ हे कोर्टाच्या मराठीतलं फार कामाचं रत्न आहे. एका दगडावर पाय घट्ट ठेवून दुसरा चाचपता येतो.

अटकेचा परिच्छेदही हवा. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक करायची तर पोलिसांनी ती का गरजेची आहे याची कारणं नोंदवली पाहिजेत, नाहीतर कलम ३५(३) ची नोटीस देऊन माणसाला तपासाला बोलवावं. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अर्नेश कुमार खटल्यात हे बजावलं, आणि अशी अटक आपोआप करू नये, तसंच दंडाधिकाऱ्यानेही डोळे मिटून कोठडी देऊ नये, असं सांगितलं. पण अर्जात निकालांची नावं आठ-दहा ओळी रांगेने लावून काही होत नाही. रिमांडच्या कागदात नोटीस दिल्याची नोंद आहे का, कारणांची यादी आहे का, हे बघायचं आणि नसेल तर तेवढंच एका वाक्यात लिहायचं. कागद न बघता ‘अटक बेकायदेशीर आहे’ असं ठोकून दिलं, आणि सरकारी वकिलांनी कारणांची यादी पुढे केली, की उरलेला अर्जही कोर्ट संशयाने वाचतं.

अर्ज दाखल झाल्यावर कोर्ट सरकार पक्षाचं म्हणणं मागवतं. ‘से’ आला का, हा प्रश्न कोर्टात दिवसातून शंभरदा ऐकू येतो. तपासी अंमलदाराचा से जवळजवळ छापील असतो. आरोपी परजिल्ह्यातील असून पळून जाण्याची शक्यता आहे, साक्षीदारांवर दबाव आणेल, पुन्हा असाच गुन्हा करेल, ओळख परेड बाकी आहे. चांगला अर्ज हा से येण्याआधीच वाचून लिहिलेला असतो. ओळख परेडचं उत्तर तर कलम ४८० मध्येच आहे: आरोपी एरवी जामिनाला पात्र असेल आणि कोर्टाचे निर्देश पाळण्याची हमी देत असेल, तर ओळख पटवण्यासाठी तो लागेल एवढ्या कारणावर जामीन नाकारता येत नाही. पण त्यासाठी हमी अर्जात लिहिलेली हवी, आणि साठपैकी फक्त चार वह्यांत ती होती.

‘परजिल्ह्यातील’ याचं उत्तर मात्र कलमात सापडत नाही. ते माणसाच्या आयुष्यातून काढावं लागतं, आणि माझ्या मते अर्जाचा जीव या परिच्छेदात असतो. कोर्टाला खरा प्रश्न एकच पडलेला असतो: हा तारखेला येईल का? गाईडातलं उत्तर असतं, ‘अर्जदार हा कायमचा रहिवासी असून पळून जाणार नाही.’ यातून कोर्टाला काहीच कळत नाही. मी मुलांना म्हटलं, समजा आता तुम्ही तुरुंगाच्या भेटीच्या खिडकीशी आहात, अबकला विचारा. खोलीचा मालक कोण, भाडेपावती आहे का, की नुसता तोंडी व्यवहार? आईचं आधार कुठल्या पत्त्यावर आहे? रेशनकार्ड गावाकडचं की इथलं? हॉटेलमालक चार ओळी लिहून देईल का? मग परिच्छेद असा झाला:

‘अर्जदार गेली चार वर्षे … येथे सलग वास्तव्यास असून … येथील हॉटेलात नोकरीस आहे. हॉटेलचालकांचे पत्र, खोलीमालकाचे भाड्याबाबतचे पत्र व अर्जदाराच्या आईचे आधारकार्ड यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. आई अर्जदाराच्याच कमाईवर अवलंबून आहे. अर्जदाराविरुद्ध यापूर्वी कोणताही गुन्हा दाखल नाही.’

यातलं शेवटचं वाक्य पोलीस ठाण्यातून खातरजमा केल्याशिवाय लिहू नये. अशील ‘नाही साहेब’ म्हणतो, आणि से मध्ये दोन गु.र.नं. निघतात. जुना गुन्हा असेल तर आपणच सांगावा आणि त्याचं पुढे काय झालं तेही लिहावं. याच जातीचा आणखी एक परिच्छेद आता टाळता येत नाही. जानेवारी २०२४ मध्ये ओडिशातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, याच गुन्ह्यात आधी जामीन अर्ज केला होता का, कुठे, त्याचं काय झालं, हे प्रत्येक अर्जात नमूद करावं. आधी अर्ज केलेला नसेल तर तसंही लिहायचं.

आता शेवटची ओळ, म्हणजे विनंती. साठ वह्यांत अठ्ठावन्न वेळा ती एकसारखी होती: ‘सबब अर्जदारास मे. कोर्टास योग्य वाटेल त्या अटी व शर्तींवर जामिनावर मुक्त करणेचा हुकूम व्हावा.’ आम्ही वकीलही सर्रास हेच लिहितो. अदबशीर आहे आणि चूकही नाही. पण अबकसारख्याचा अर्ज इथेच फसतो. साध्या चोरीत जामीन बहुधा मंजूर होतो, आणि हुकूम येतो, पंचवीस हजारांचा जातमुचलका व तितक्याच रकमेचा एक लायक जामीनदार. जातमुचलका म्हणजे आरोपीने स्वतः दिलेलं लेखी बंधन, त्याला त्या क्षणी पैसे लागत नाहीत. जामीनदार मात्र माणूस लागतो, सातबारा, घरपट्टीची पावती किंवा पगाराची चिठ्ठी घेऊन दिवसभर कोर्टात बसणारा. परगावच्या पोरासाठी असा माणूस कोण? मग कोर्टाच्या आवारात घुटमळणारे भाडोत्री जामीनदार भेटतात, त्यांचा दर ऐकून आई परत जाते, आणि जामीन झालेला माणूस आत राहतो.

हे दुखणं जुनं आहे. मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याला सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला, तेव्हा खालच्या कोर्टाने दहा हजारांचा जामीनदार मागितला. त्याचा भाऊ पुढे आला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो नाकारला. मोतीराम पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेला. १९७८ साली न्या. कृष्णा अय्यर यांनी त्याला एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं, आणि परजिल्ह्यातला जामीनदार नाकारण्याच्या वृत्तीवर कडक शब्दांत ओढलं. जानेवारी २०२३ मध्ये त्याच न्यायालयाला पुन्हा सूचना द्याव्या लागल्या. हुकूम होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं, महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्टाने स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करावा, आणि स्थानिक जामीनदाराचा हट्ट हे उशिराचं एक कारण असल्याने तशी अट घालू नये. मधे पंचेचाळीस वर्षं गेली.

म्हणून मी मुलांना सांगितलं, विनंतीची ओळ आधी लिहा, बाकीचा अर्ज नंतर. त्यासाठी अर्ज करण्याआधीच जामीनदार शोधावा लागतो. आपल्या हकीकतीत हॉटेलमालक आहे. त्याच्या नावावर घर आहे आणि घरपट्टीची पावती आहे, पण तो पंचवीस हजारांना बिचकेल, दहाला तयार होईल. कलम ४८४ म्हणतं की बंधपत्राची रक्कम परिस्थितीचा विचार करून ठरवावी, ती अवाजवी नसावी. पण परिस्थिती कोर्टाला सांगणार कोण? महिना नऊ हजार हा आकडा अर्जात नसेल तर कोर्ट आपल्या नेहमीच्या आकड्यावर जाणार. शिवाय जामीनदाराची कागदपत्रं तपासण्यात दोन-चार दिवस जातात, तोवर तात्पुरता रोख जामीन मागता येतो. आपल्याकडच्या कोर्टांत ती सोय चांगली रुळलेली आहे. वर्गात शेवटी ठरलेली विनंती अशी:

‘सबब विनंती की, अर्जदाराचे मासिक उत्पन्न रु. ९,०००/- आहे हे विचारात घेऊन त्यास रु. १०,०००/- च्या जातमुचलक्यावर व तितक्याच रकमेच्या एका जामीनदारावर मुक्त करण्यात यावे. जामीनदार हजर करेपर्यंत चार आठवड्यांकरिता रु. ५,०००/- रोख जामिनावर तात्पुरते मुक्त करण्यात यावे. जामीनदार स्थानिकच असावा, अशी अट घालण्यात येऊ नये. अर्जदार ओळख परेडसह तपासास सहकार्य करण्याची, साक्षीदारांशी संपर्क न ठेवण्याची व प्रत्येक तारखेस हजर राहण्याची हमी देत आहे.’

एका मुलीने शंका काढली, कोर्टाला आकडा सुचवणं आगाऊपणाचं नाही का वाटणार? काही ठिकाणी वाटतं, हे खरं आहे. एका न्यायाधीशांनी मला एकदा विचारलं होतं, ‘वकीलसाहेब, हुकूमही तुम्हीच लिहून आणलाय का?’ मी म्हटलं, नाही साहेब, आरोपीचा पगार लिहून आणलाय. त्यांनी पंधरा हजार केले. मी मागितले होते दहा. पण माझा जामीनदार पंधरालाही चालणारा होता, कारण त्याला मी आदल्या दिवशीच विचारून ठेवलं होतं. हुकमाची प्रत आणि सुटकेचा आदेश तुरुंगात पोहोचायला संध्याकाळ झाली, त्या दिवशीची सुटकेची वेळ टळली, पोरगा दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर आला.

वह्या तपासताना मी मथळ्याला अर्धा, हकीकतीला अर्धा, रहिवासाच्या परिच्छेदाला एक आणि विनंतीला एक असे तीन मार्क वाटले. ‘योग्य वाटेल त्या अटींवर’ लिहिणाऱ्या अठ्ठावन्न जणांचा शेवटचा एक मार्क गेला. त्यातल्या एकाने वही घेऊन येऊन विचारलं, ‘सर, पण गाईडात तर असंच आहे.’ मी त्याला अबकच्या आईचा पत्ता विचारला. तो अर्जात नव्हता.